बॉल आला, पुढे काय झालं? पालकांना पाठवायच्या पत्राच्या प्रकल्प नोंदी

कोल्हापूर, १२ वर्षांखालचा फुटबॉल संघ, हंगाम २०२४-२५

२९ सप्टेंबर २०२४

हंगाम संपताना १६ मुलांच्या घरी प्रत्येकी एक पत्र जाईल, सोबत त्याच मुलाच्या सहा छोट्या क्लिप. पत्रात शेरे नकोत, दिसतील आणि मोजता येतील अशा गोष्टी हव्यात.

काय मोजायचं हे आधी ठरलं पाहिजे. इथले बरेच पालक शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघत वाढलेले आहेत. त्यांना खेळ कळतो, तरी मूल घरी गेलं की पहिला प्रश्न असतो, "गोल केलास का?" नऊ जणांच्या संघात गोल दोघे-तिघेच करतात, उरलेल्यांचा हंगाम त्या प्रश्नात मावत नाही. धावण्याचं अंतर मोजायला जीपीएस लागतं आणि त्यातून खेळाची समज कळत नाही. पास किती बरोबर गेले हे मोजलं तर मागे उभं राहून दोन मीटरवर पास देणारं मूल सगळ्यांत हुशार ठरतं.

म्हणून एकच प्रसंग निवडला: मुलाकडे बॉल येतो तो क्षण. बचावफळीत असो की पुढच्या फळीत, हे प्रत्येकाला करावं लागतं, एका सामन्यात दहा-पंधरा वेळा तरी. यंदाच्या सरावाचा भरही त्यावरच आहे: बॉल यायच्या आधी बघून घेणं, बॉल आणि मैदान दोन्ही दिसतील असं अंग वळवून उभं राहणं, पहिल्या स्पर्शात बॉल मोकळ्या बाजूला काढणं.

संमतीपत्रं आजच वाटली. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकाची संमती सांगितली आहे. कायद्यात काही असो, समोरच्या संघाची मुलंही चित्रणात येणार, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकांना सामन्याआधी सांगायचं आणि क्लिप कुठल्याही ग्रुपवर टाकायच्या नाहीत.

६ ऑक्टोबर २०२४, पहिला सामना

मैदान साधारण ६५ बाय ४५ मीटर, २५ मिनिटांचे दोन भाग, चार नंबरचा बॉल. फोन साडेचार मीटर उंचीच्या दांड्यावर, मध्यरेषेच्या समोर. दांडा जमिनीवर नुसता ठेवला तर वाऱ्याने डोलतो आणि चित्र बघताना डोकं दुखतं. पायात वाळूच्या दोन पिशव्या आणि वरून कुंपणाला एक दोरी, एवढ्यात काम झालं.

सामना दुपारी असल्यामुळे कॅमेरा मैदानाच्या पश्चिमेला लावला. सूर्य पाठीमागे राहिला की जर्सीचा रंग नीट येतो. पूर्वेकडून घेतलं तर मुलांच्या नुसत्या काळ्या सावल्या दिसतात. सकाळच्या सामन्याला हेच उलट करायचं.

फोनवर 1080p, 30 fps. मिनिटाला सुमारे १३० एमबी जागा जाते, म्हणजे पूर्ण सामन्याला साडेसहा जीबी. फोन विमान मोडवर ठेवला, नाहीतर मध्येच आलेल्या फोनने चित्रण थांबतं. उन्हात तापूनही ते थांबतं, म्हणून वरून पांढरं कापड बांधलं.

एक चूक लगेच लक्षात आली. मैदान ओलं होतं, पंधरा मिनिटांत जर्सीवर चिखल बसला आणि ४ की ९ हे ओळखेना. पुढच्या सामन्यापासून सुरुवातीलाच हजेरी चित्रित करायची: प्रत्येक मूल कॅमेऱ्यासमोरून नंबर सांगत जाईल, मोज्यांचा आणि बुटांचा रंग त्यात येईल. बदली खेळाडू उतरला की दांड्याजवळच्या माणसाने नंबर मोठ्याने म्हणायचा, तो चित्रणात ऐकू येतो.

२० ऑक्टोबर २०२४, दुसरा सामना, नोंदीची पद्धत

पहिल्या सामन्यात पूर्ण मैदान एका चौकटीत घेतलं होतं. नोंदी करायला बसल्यावर अडचण कळली. १९२० पिक्सेल ६५ मीटरवर पसरले तर एका मीटरला जेमतेम ३० येतात. १.४ मीटर उंचीचं मूल ४२ पिक्सेलचं होतं आणि त्याचं डोकं सहा पिक्सेलचं. सहा पिक्सेलमध्ये मान वळली की नाही हे कोणी सांगू शकत नाही.

आज अर्धं मैदान चौकटीत ठेवून फोन हळूहळू फिरवला. डोकं आता बारा पिक्सेलचं. फिरवणाऱ्याने बॉल चौकटीच्या मधोमध न ठेवता जरा मागे ठेवायचा, म्हणजे बॉल जिकडे जाणार ती बाजू जास्त दिसते आणि बॉल घेणारं मूल आधीपासून चौकटीत असतं.

नोंदी साध्या स्प्रेडशीटमध्ये. A रकान्यात वेळ, B मध्ये जर्सी, C मध्ये सामना, D मध्ये निकाल, E मध्ये दाब. निकालाला तीनच अक्षरं. K म्हणजे बॉल राखला: पहिल्या स्पर्शानंतर त्याच मुलाचा दुसरा स्पर्श झाला किंवा बॉल आपल्याच खेळाडूकडे गेला. L म्हणजे गेला: पुढचा स्पर्श विरोधकाचा झाला किंवा बॉल बाहेर गेला. X म्हणजे मोजायचा नाही: दोघांच्या पायात अडकलेला बॉल, दिसलंच नाही असा क्षण, शिट्टीनंतरचा स्पर्श. दाबाला P किंवा F. पहिला स्पर्श होताना सगळ्यांत जवळचा विरोधक तीन मीटरच्या आत असेल तर P, नाहीतर F. तीन मीटरचा अंदाज डोळ्याला यावा म्हणून सामन्याआधी खुणेचे दोन शंकू तीन मीटरवर ठेवून काही सेकंद चित्रित केले.

VLC प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं E दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. स्पर्श आधी कोणाचा झाला हे बघायला तेवढं पुरतं. तरीही १६ मुलांच्या नोंदी एका सामन्याला साडेतीन तास घेतात. हा वेळ आधीच गृहीत धरायला हवा, नाहीतर मार्चमध्ये घाईने भरलेल्या नोंदी ऑक्टोबरच्या नोंदींशी जुळणार नाहीत.

१० नोव्हेंबर २०२४, दोघांच्या नोंदी ताडून

दिवाळीच्या सुट्टीत दोघा प्रशिक्षकांनी तेच ४० प्रसंग वेगवेगळे बसून नोंदवले. राखला की गेला यावर ४० पैकी ३८ ठिकाणी एकमत. दाबावर ३३. बॉल यायच्या आधी मान वळवून बघितलं का, यावर फक्त २३.

दोनच पर्याय असलेल्या प्रश्नावर डोळे मिटून उत्तरं दिली तरी निम्म्याच्या आसपास जुळतात. म्हणजे ४० पैकी २३ ला काही अर्थ नाही. वाईट वाटलं, कारण सरावात सगळ्यात जास्त बोललो ते मान वळवण्यावर. नॉर्वेचे संशोधक गायर योर्डेट यांनी प्रीमियर लीगच्या मध्यफळीतल्या खेळाडूंचं हेच मोजलं होतं आणि फ्रँक लँपार्ड बॉल मिळण्याआधी सेकंदाला सुमारे ०.६ वेळा इकडेतिकडे बघायचा असं दाखवलं होतं. पण त्यांच्याकडे एकाच खेळाडूवर रोखलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं. दांड्यावरच्या एका फोनमधून ते होणार नाही. मानेचा आकडा पत्रात येणार नाही. ज्या क्लिपमध्ये मान वळलेली स्पष्ट दिसते ती दाखवायची, त्यापुढे जायचं नाही.

दाबाच्या सात मतभेदांपैकी पाच एकाच कारणाने झाले. विरोधक जवळ होता, पण पाठ करून धावत होता. नियम पक्का केला: तीन मीटरच्या आत असलेला विरोधक कुठेही तोंड करून असो, P. नियम थोडा ढोबळ झाला, पण दोघांचं उत्तर एक यायला लागलं. आधीच्या सामन्यांच्या E रकान्याच्या नोंदी पुन्हा केल्या.

२२ डिसेंबर २०२४

सहा सामने झाले. आज एका पालकांनी विचारलं, "आमचा आता सुधारलाय ना? गेल्या रविवारी किती छान खेळला." गेल्या रविवारचा सामना आपण ७-० जिंकला होता. समोरचा संघ नवा होता, बॉल घ्यायला कोणी जवळच येत नव्हतं. त्या दिवशी सगळ्याच मुलांचे आकडे चढले. पत्रात असा सामना "नंतरचा" म्हणून घेतला तर पालकांना चांगलं वाटेल, पण ती दिशाभूल होईल.

सुरुवातीचे तीन आणि शेवटचे तीन सामने घ्यायचे ही मूळ कल्पना म्हणून सोडली. साखळीत प्रत्येक संघाशी दोनदा गाठ पडते. ऑक्टोबरमध्ये ज्या तिघांशी खेळलो (६, २० आणि २७ ऑक्टोबर), त्यांच्याशीच दुसऱ्या फेरीत ९ फेब्रुवारी, २३ फेब्रुवारी आणि २ मार्चला सामने आहेत. तेच सहा सामने मोजायचे. समोरची मुलंही चार महिने सरावात असतात, त्यामुळे कोणी पुढे गेलं तर ते समोरच्यांच्या तुलनेत पुढे गेलं, असं म्हणायला आधार राहतो.

एक फरक तरीही उरतो, तो मैदानाचा. ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाने माती ओली होती, बॉल पायाशी थांबत होता. फेब्रुवारीत तीच माती वाळून कडक होते आणि बॉल गुडघ्यापर्यंत उसळतो. बॉल थांबवणं त्यामुळे अवघडच होतं. म्हणजे फेब्रुवारीत आकडा वाढला तर त्याचं श्रेय मैदानाला देता येणार नाही, पण घसरला तर मैदानाचाही हात असू शकतो. हे पत्रात एका वाक्यात सांगायचं.

१९ जानेवारी २०२५

मुलांची उंची पुन्हा घेतली: अनवाणी, भिंतीला टाच लावून, सकाळच्या वेळीच, कारण संध्याकाळपर्यंत उंची थोडी कमी भरते. ऑक्टोबरपासून बहुतेकांची एक ते दीड सेंटीमीटर वाढली आहे. जर्सी ४ ची तीन. ती अकरा वर्षांची आहे. मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने बाराच्या आसपास वाढते, मुलांची साधारण दोन वर्षांनी. या काळात पाय लांब होतात आणि पूर्वी नेमकं जमणारं अंतर चुकायला लागतं. सरावात तिच्या पायातून बॉल निसटताना दिसतोय. तिच्या पत्राचा विचार वेगळा करावा लागेल.

९ मार्च २०२५, मोजणी

सहाही सामन्यांच्या नोंदी पूर्ण. दाबाखाली राखलेले बॉल काढायला हे एक सूत्र पुरतं, जर्सीचा नंबर तेवढा बदलायचा. दोन फेऱ्या वेगळ्या शीटवर ठेवल्या.

```
=COUNTIFS(B:B,11,D:D,"K",E:E,"P")
```

जर्सी ११, मध्यफळीतला मुलगा. ऑक्टोबरच्या तीन सामन्यांत त्याच्याकडे ४१ वेळा बॉल आला, १९ वेळा राखला. दुसऱ्या फेरीत ४८ वेळा आला, ३१ वेळा राखला. चित्र चांगलं आहे, पण सुधारणा नेमकी कुठे झाली ते यात दिसत नाही. दाबाप्रमाणे वेगळं केल्यावर दिसतं. मोकळा असताना आधी १७ पैकी १२, नंतर २१ पैकी १६. इथे फारसं काही बदललं नाही. मोकळ्या जागेत त्याला पहिल्यापासून जमत होतं. विरोधक जवळ असताना आधी २४ पैकी ७, नंतर २७ पैकी १५.

चोवीस-सत्तावीस प्रसंग फार नाहीत. एखादा सामना चांगला गेला तरी एकूण आकडा हलतो. म्हणून सामनावार बघितलं. आधी ८ पैकी २, ९ पैकी ३, ७ पैकी २. नंतर १० पैकी ५, ८ पैकी ४, ९ पैकी ६. ऑक्टोबरचा सगळ्यात चांगला सामना फेब्रुवारी-मार्चच्या सगळ्यात वाईट सामन्याच्याही खाली आहे. एकाच दिवसाने आकडा ओढलेला नाही. हे पत्रात लिहिता येईल.

सोळापैकी नऊ मुलांच्या बाबतीत असं काहीतरी ठामपणे लिहिता येतं. चौघांचे आकडे एवढे मागेपुढे होतात की "फरक दिसला नाही" हेच खरं. दोघांची जागा जानेवारीत बदलली. कडेला खेळणाऱ्याला एका बाजूने रेषेचा आधार असतो, मध्ये आल्यावर विरोधक चारही बाजूंनी येतो. त्यांचे आधीचे-नंतरचे आकडे शेजारी ठेवायचे नाहीत, फक्त क्लिप द्यायच्या. उरली जर्सी ४. तिचे दाबाखालचे बॉल २० पैकी ११ वरून २१ पैकी ८ वर आले आहेत. मार्चपर्यंत तिची उंची चार सेंटीमीटर वाढली.

तिच्या पत्रात आकडा लपवायचा का, यावर बराच वेळ बोलणं झालं. लपवायचा नाही असं ठरलं. बाकीच्यांना आकडे मिळाले आणि तिला नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी कळतं. आकड्याशेजारी उंची लिहायची, मैदानाचं वाक्य ठेवायचं आणि ती बॉल यायच्या आधी आता कुठे उभी राहते याच्या क्लिप द्यायच्या, कारण जागा घेण्यात ती ऑक्टोबरपेक्षा स्पष्ट पुढे आहे. उंचीमुळेच घसरलं असं म्हणायचं नाही. तसं असू शकतं, एवढंच.

१२ मार्च २०२५, क्लिप

प्रत्येकाला तीन जोड्या: ऑक्टोबरची एक, तशाच प्रसंगाची दुसऱ्या फेरीतली एक. पहिल्या स्पर्शाच्या सहा सेकंद आधी सुरू, सहा सेकंद नंतर बंद. आधीचे सहा सेकंद कापले तर क्लिपमध्ये फक्त परिणाम उरतो आणि मूल बॉलची वाट कशी बघत होतं हे जातं. खरं शिकणं तिथेच आहे.

जोडी निवडताना मोह होतो तो आधीचा सगळ्यात वाईट आणि नंतरचा सगळ्यात चांगला प्रसंग घेण्याचा. ते टाळायला नियम केला: प्रसंग एकाच प्रकारचा हवा (जसं, पाठीमागून विरोधक आणि बॉल बचावफळीकडून), आणि तिसऱ्या जोडीत दुसऱ्या फेरीतला बॉल गेलेला प्रसंग असलाच पाहिजे. क्लिप कापायला ffmpeg हा प्रोग्राम वापरला:

```
ffmpeg -ss 00:12:31 -i samna3.mp4 -t 12 -an -c:v libx264 -crf 23 clip11_a.mp4
```

इथे `-c copy` वापरलं तर काम झटपट होतं, पण कापणी की-फ्रेमवर, म्हणजे काही फ्रेमनंतर एकदा येणाऱ्या पूर्ण चित्रावर, जाऊन बसते आणि क्लिपच्या सुरुवातीला चित्र अडकलेलं दिसतं. म्हणून पुन्हा एन्कोड करायचं. `-an` ने आवाज जातो. कडेला उभे असलेले पालक इतरांच्या मुलांना उद्देशून जे ओरडतात ते कोणाच्याही घरी जायला नको.

पहिल्या फ्रेमवर दोन सेकंद थांबून मुलाभोवती गोल काढला. त्याशिवाय आजी-आजोबांना आपलं नातवंड सापडत नाही, आणि क्लिप बघणाऱ्यांत ते असतातच.

१६ मार्च २०२५, पत्राचा मसुदा (जर्सी ११)

टक्केवारी काढून टाकली. २९ टक्के वाचलं की डोळ्यांसमोर नापासाचं प्रगतिपुस्तक येतं. "२४ पैकी ७" असं लिहिलं की ते मैदानावरचं मोजलेलं वाटतं, आणि मोजलेले प्रसंग किती थोडे आहेत हेही आपोआप कळतं. संघाची सरासरी आणि क्रमांक कुठेच नाही.

> सप्रेम नमस्कार,
>
> या हंगामात आम्ही तुमच्या मुलाचे सहा सामने चित्रित करून एकच गोष्ट मोजली: त्याच्याकडे बॉल आल्यावर तो आपल्या संघाकडे राहिला का. तीन सामने ऑक्टोबरमधले आहेत आणि तीन फेब्रुवारी-मार्चमधले, त्याच तीन संघांविरुद्धचे.
>
> विरोधक जवळ नसताना तो पूर्वीही बॉल नीट घेत होता (१७ पैकी १२ वेळा), आताही घेतो (२१ पैकी १६). विरोधक तीन मीटरच्या आत असताना ऑक्टोबरमध्ये त्याने २४ पैकी ७ वेळा बॉल राखला. दुसऱ्या फेरीत २७ पैकी १५ वेळा राखला. मैदान आता जास्त कडक आहे आणि बॉल जास्त उसळतो, तरीही.
>
> पहिल्या दोन जोड्यांत कारण दिसेल. ऑक्टोबरमध्ये तो बॉलकडे छाती करून उभा आहे, मागून येणारा मुलगा त्याला दिसत नाही. फेब्रुवारीत बॉल यायच्या आधी तो मान वळवतो, एक पाय मागे घेतो आणि पहिल्या स्पर्शात बॉल मोकळ्या बाजूला काढतो. क्लिप बघताना कृपया सुरुवातीचे सहा सेकंद त्याच्याकडे बघा, बॉलकडे नको.
>
> तिसऱ्या जोडीत नंतरच्या क्लिपमध्ये बॉल गेलेला आहे. बॉल डाव्या बाजूने आला की तो अजूनही उजव्याच पायाने घेतो आणि विरोधकाच्या अंगावर वळतो. पुढच्या हंगामात यावर काम आहे. घरी भिंतीवर बॉल मारून डाव्या पायाने थांबवायला सांगितलंत तर बरं होईल, रोज दहा मिनिटं पुरेत.
>
> या आकड्यांत त्याची धाव, गोल, बॉल नसताना केलेली मदत यातलं काही नाही. ते आम्ही मोजलं नाही. इतर मुलांशी तुलनाही केलेली नाही. कृपया तुम्हीही करू नये ही विनंती. क्लिपमध्ये दुसऱ्यांची मुलं आहेत, त्या स्टेटसला किंवा ग्रुपवर ठेवू नका.
>
> आपले,
> संघाचे प्रशिक्षक

पत्र आधी मुलाला वाचून दाखवायचं, मग घरी द्यायचं. जर्सी ११ ने वाचताना एक दुरुस्ती सुचवली: दुसऱ्या जोडीत त्याने मान मागच्या मुलासाठी वळवली नव्हती, कोणीतरी हाक मारली म्हणून वळवली होती. ती जोडी बदलली. अशी माहिती व्हिडिओतून कधीच कळली नसती, म्हणून सगळ्या सोळा मुलांसोबत हे करायचं ठरलं. प्रत्येकाला दहा मिनिटं.

२३ मार्च २०२५, वाटप

पत्रं छापून मैदानावर हातात दिली. क्लिप प्रत्येक पालकाच्या नंबरवर वेगळ्या पाठवल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून. व्हिडिओ म्हणून पाठवला की चित्र दाबलं जातं आणि बारा पिक्सेलच्या डोक्याचा नुसता ठिपका उरतो.

जर्सी ४ च्या आईवडिलांना पत्र देताना शेजारी बसून क्लिप दाखवल्या. तिच्या वडिलांनी विचारलं, "मग जून महिन्यात पुन्हा मोजाल का?" जूनमध्ये पाऊस असेल आणि सामने नसतील. ऑक्टोबरमध्ये त्याच तीन संघांशी पहिली फेरी झाली की तिचे मोजायचे, उंचीसकट, अशी नोंद केली.

दोन पत्रांत चूक सापडली. जर्सी ६ आणि ८ च्या क्लिप अदलाबदल झाल्या होत्या. २० ऑक्टोबरच्या सामन्यात दोघांनी मध्यंतरात मोजे बदलले होते आणि हजेरी सुरुवातीलाच घेतली होती. दोन्ही घरी फोन करून क्लिप काढून टाकायला सांगितलं, त्या सामन्यातल्या दोघांच्या नोंदी पुन्हा केल्या आणि नवी पत्रं दिली. पुढच्या हंगामात हजेरी दोनदा चित्रित करायची, दुसरी मध्यंतरानंतर.

मूळ चित्रणांपैकी मोजलेले सहा सामने ऑक्टोबरपर्यंत एका हार्ड डिस्कवर राहतील. बाकीचे आज पुसले.